एआयने बनवलेलं बॅकग्राउंड छपाईसाठी मोठं करताना परत परत विचारले जाणारे प्रश्न

पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, स्टॉलची मागची भिंत, यांसाठी लोक एआयकडून बॅकग्राउंड बनवून घेतात आणि मग ते छापायच्या साइजला न्यायचं म्हटलं की अडकतात. गेल्या काही महिन्यांत तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की आता एका जागी लिहून टाकतोय. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय म्हणजे आकडे डोक्यात राहतील: धुक्यातला डोंगरउतार, पुढे गवत, मध्ये दगडी बांध, वर आकाश. मूळ फाईल १३४४ बाय ७६८ पिक्सेल आणि छापायचंय आडवं ए३ पोस्टर.

१. फाईलवर ७२ डीपीआय लिहिलंय. ते ३०० केलं की फाईल प्रिंटसाठी तयार झाली ना?

नाही. तो आकडा म्हणजे फाईलला चिकटवलेली चिठ्ठी आहे, "हे पिक्सेल कागदावर किती दाटीने मांडायचे" एवढंच ती सांगते. पिक्सेल १३४४ होते ते १३४४च राहतात. ३०० लिहिलंत तर तेच चित्र साडेचार इंच रुंद छापलं जाईल, बस. आणि एडिटरमध्ये रीसॅम्पलवर टिक ठेवून ३०० केलंत तर एडिटर त्याच्या साध्या पद्धतीने नवे पिक्सेल भरतो, म्हणजे तुमच्या नकळत अपस्केल झालेलं असतं, आणि नंतर लोक तीच फाईल परत एआय अपस्केलरमध्ये टाकतात आणि विचारतात की एवढं मऊ का दिसतंय. मूळ पीएनजी कायम बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू करा.

२. मग नक्की किती पिक्सेल लागतात? ३०० पीपीआय पाहिजेच का?

पीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात बसणारे पिक्सेल. हातात धरून बघायच्या गोष्टीला ३००च्या आसपास लागतं, भिंतीवरच्या गोष्टीला नाही. डोळ्याच्या क्षमतेवरून एक ढोबळ हिशोब निघतो: ८७०० ला बघण्याच्या अंतराने (सेंटिमीटरमध्ये) भागायचं. ३० सेंमीवर २९०, ६० सेंमीवर १४५, एक मीटरवर ८७. म्हणजे ३०० चा नियम आला कुठून तेही कळलं, तो पुस्तक हातात धरायच्या अंतराचा आहे.

आता आपलं पोस्टर. ए३ म्हणजे ४२० बाय २९७ मिमी, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापून टाकायची जादा किनार, धरून ४२६ बाय ३०३. ३०० पीपीआयला हे ५०३१ बाय ३५७९ पिक्सेल होतात. आपलं चित्र कागदापेक्षा जास्त लांबट आहे, म्हणून रुंदी कापून १०८० बाय ७६८ उरतं. ७६८ वरून ३५७९ म्हणजे ४.६६ पट. पण पोस्टर कोणी नाकाला लावून बघत नाही. नेमकं ४ पट केलं तर ४३२० बाय ३०७२ होतं, म्हणजे जवळपास २५७ पीपीआय, आणि बॅकग्राउंडसाठी ते भरपूर आहे. मी इथेच थांबतो. वरच्या ०.६६ पटीसाठी अजून एक फेरी मारायची म्हणजे पिक्सेल वाढणार पण त्यात भरायला काही नाही. अक्षरं आणि लोगो या चित्रात नसतातच, ते लेआउटमध्ये व्हेक्टर म्हणून वेगळे बसतात, त्यामुळे त्यांच्या धारदारपणाचा बॅकग्राउंडच्या पीपीआयशी संबंध नाही.

३. जनरेटरलाच थेट ५००० पिक्सेलचं चित्र मागितलं तर?

मॉडेल ज्या साइजच्या चित्रांवर शिकलंय त्याच्या फार पुढे गेलं की त्याचा रचनेवरचा ताबा सुटतो. उदाहरणार्थ एसडीएक्सएल हे १०२४ बाय १०२४ च्या आसपासच्या क्षेत्रफळासाठी बनलंय. त्याला चारपट रुंदी द्या, डोंगर दोनदा येईल, क्षितिजं दोन होतील, एक सूर्य डावीकडे आणि एक उजवीकडे. रचना त्याच्या सवयीच्या साइजला करून घ्या आणि मग वाढवा.

४. मोठं केल्यावर गवत मेणासारखं, चोपडल्यासारखं का दिसतं? मूळ चित्रात तर छान दिसत होतं.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. माझं पहिलं मोठं काम याच्यातच गेलं होतं: स्क्रीनवर सुंदर आणि छापून आलं तेव्हा गवताच्या जागी हिरवी ब्लँकेट पसरलेली. प्रेसवाल्याला दोन शब्द सुनावलेही, मग फाईल उघडून १०० टक्क्यांवर बघितली तर दोष पूर्ण माझा होता.

कारणं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत, कारण उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण मूळ चित्रातच आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, ती प्रत्येक बाजूने आठपट लहान अशा आतल्या नकाशावर काम करतात आणि शेवटी एक डीकोडर त्यातून पिक्सेल काढतो. म्हणजे आपलं १३४४ बाय ७६८ चं चित्र आत १६८ बाय ९६ एवढंच होतं. नकाशाच्या एका चौकटीत रंगाशिवाय इतरही माहिती असते हे खरं, तरी पात्यांचा, दगडावरच्या खडबडीतपणाचा अगदी बारीक पोत हा बराचसा डीकोडरचा अंदाज असतो. ३०० टक्के झूम करून बघा, पात्यांच्या जागी बारीक अळ्यांसारखे फराटे दिसतील. लहान असताना डोळा त्यांना गवत समजतो, चारपट केल्यावर अळ्याच दिसतात.

दुसरं कारण अपस्केलरचं. त्याला शिकवताना मुद्दाम खराब केलेली चित्रं देतात (ब्लर, नॉइज, जेपीईजीचे डाग) आणि त्यातून स्वच्छ चित्र काढायला लावतात. त्यामुळे बारीक, अनियमित काहीही दिसलं की त्याला ते नॉइज वाटतं आणि तो ते पुसून टाकतो. गवत, वाळू, दगड, धुकं, सगळं बारीक आणि अनियमित. तो कडा वाचवतो आणि पोत घालवतो, म्हणून बांधाची रेघ एकदम कडक आणि दगडाचं अंग प्लास्टिकचं असा विचित्र प्रकार होतो.

पहिल्या कारणावरचा उपाय प्रश्न ६ मध्ये आहे, दुसऱ्यावरचा ५ आणि ७ मध्ये.

५. कोणता अपस्केलर सगळ्यात चांगला?

एक नाव सांगून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. पण चित्राच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा लागतो, म्हणून प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार साधं गणित: बायक्युबिक, लँक्झोस. हे काहीच शोधून काढत नाहीत, आहे ते ताणतात. मऊ दिसतं पण खोटं काही येत नाही. आकाश, धुकं, आउट ऑफ फोकस भाग यांना हेच पुरतं, आणि लोक नेमकं तिथेच भारी मॉडेल चालवतात.

दुसरा प्रकार शिकवलेली नेटवर्क्स, आणि यांच्यात परत दोन स्वभाव. एकाला शिकवताना "खऱ्या पिक्सेलपासून कमीत कमी चूक" असं सांगितलेलं असतं. जिथे खात्री नाही तिथे तो सगळ्या शक्यतांची सरासरी काढतो, आणि दहा प्रकारच्या गवताची सरासरी म्हणजे हिरवा लेप. दुसरा गॅनवाला, त्याला "खऱ्यासारखं दिसलं पाहिजे" असं शिकवलेलं, तो नुसता लेप देत नाही, काहीतरी ठरवून काढतो, आणि ते काहीतरी चुकीचंही असतं. रियल-ईएसआरगॅनमध्ये दोन्ही मिळतात: RealESRNet_x4plus हा पहिल्या स्वभावाचा आणि RealESRGAN_x4plus दुसऱ्या. चोपडेपणा आणि थापा यांच्यात कुठेतरी बसायचं असतं, दोन्ही एकदम शून्य करणारं बटण नाही.

तिसरा प्रकार डिफ्यूजनवाले, जे चित्राचे तुकडे करून प्रत्येक तुकडा थोडा थोडा नव्याने काढतात. पोत सगळ्यात श्रीमंत हेच देतात आणि सगळ्यात मोठ्या थापाही हेच मारतात. त्यांच्याबद्दल प्रश्न ९.

६. अपस्केल करण्याआधी काही साफसफाई करायची का?

हो, आणि थोडीच करायची. मूळ पीएनजी घ्या, मेसेजिंग अ‍ॅपवरून फिरून आलेली जेपीईजी नको, कारण तिच्यातले ८ बाय ८ चे चौकोन अपस्केलरला खरी रचना वाटतात. आधी शार्पन अजिबात करू नका, कडेभोवती जी पांढरी रेघ येते ती चारपट होऊन येते.

चित्रात अर्धवट अक्षरांची पाटी, लांबचा वितळलेला माणूस, सहा फांद्या एकत्र गुंतलेलं झाड असं काही असेल तर ते याच लहान साइजला ब्रशने किंवा क्लोनने काढून टाका. इथे दोन मिनिटांचं काम आहे, मोठ्या फाईलवर तास जातो, आणि अपस्केलर अशा गोष्टींना फक्त धार लावतो. चुकलेली पाटी वाचनीय होत नाही, ठळक चुकलेली होते.

आणि प्रश्न ४ मधल्या अळ्या. त्या अगदी एक-दोन पिक्सेलच्या पातळीवरच असतील तर चित्र आधी मूळच्या ७५ टक्के साइजला आणा आणि मग चारपट करा. उलटं वाटतं, पण त्या पातळीवर खरी माहिती नव्हतीच, फक्त कचरा होता, तो लहान करताना मिसळून जातो. आपल्या उदाहरणात १०८० बाय ७६८ चं ८१० बाय ५७६ होईल, चारपट करून ३२४० बाय २३०४, म्हणजे ए३ वर साधारण १९३ पीपीआय. भिंतीवरच्या पोस्टरला चालतं, पुस्तकाच्या कव्हरला मी हे करण्याआधी दोनदा विचार करीन.

७. एक पूर्ण उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

आधी मधला भाग कापून घ्यायचा आणि लँक्झोसने एक साधी चारपट प्रत बनवायची. हा आपला पाया. हे इमेजमॅजिकच्या कमांडने होतं.

```
magick dongar.png -crop 1080x768+132+0 +repage crop.png
magick crop.png -filter Lanczos -resize 400% base.png
```

मग रियल-ईएसआरगॅनच्या स्क्रिप्टने दोन्ही स्वभावाच्या मॉडेल्सच्या दोन प्रती. आउटपुट फोल्डर वेगळे द्या, नाहीतर दुसरी फाईल पहिलीवर बसते.

```
python inference_realesrgan.py -n RealESRNet_x4plus -i crop.png -o out_net -s 4 -t 512
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i crop.png -o out_gan -s 4 -t 512
```

आता तिन्ही ४३२० बाय ३०७२ च्या प्रती एडिटरमध्ये एकावर एक लेयर म्हणून ठेवा: खाली लँक्झोस, मध्ये नेट, वर गॅन. पुढे जाण्याआधी वरचा लेयर डिफरन्स मोडला टाकून बघा की कडा एकमेकींवर बरोबर बसतायत का. काही मॉडेल्स चित्र अर्धा-एक पिक्सेल सरकवतात आणि मग मिसळल्यावर प्रत्येक कडेला जुळी रेघ येते. सरकलेलं असेल तर लेयर हलवून जुळवा.

यानंतर भागाभागाने ठरवायचं. आकाश आणि धुकं: वरचे दोन्ही लेयर मास्कने पूर्ण काढून फक्त लँक्झोस. दगडी बांध: इथे कडा खऱ्या आहेत, मूळ चित्रात प्रत्येक दगड वीस-पंचवीस पिक्सेलचा आहे, म्हणून गॅन जवळपास पूर्ण, ८० टक्के. पुढचं गवत: गॅन ५० टक्क्यांच्या आसपास, खाली नेट. ५० टक्क्याने काय होतं की गॅनने काढलेली पाती राहतात पण त्यांचा आगाऊ कडकपणा जातो. लांबचा उतार: गॅन २० टक्के किंवा शून्य, कारण तिथे एक झाड म्हणजे मूळ चित्रात चार पिक्सेल आणि चार पिक्सेलवरून झाड काढणं म्हणजे थापच.

मास्कच्या कडा मऊ ठेवा, ३०-४० पिक्सेल फेदर. फक्त डोंगर आणि आकाश भेटतात तिथे एवढा मऊपणा नको, तिथे ४-५ पिक्सेल, नाहीतर डोंगराच्या माथ्यावर एक अर्धवट शार्प पट्टा दिसतो. हे सगळं मिळून माझा पाऊण तास जातो. याची एक प्रत ग्रेन, म्हणजे शेवटी मुद्दाम टाकायचे बारीक दाणे, टाकण्याआधी final.png नावाने सेव्ह करा, तपासणीला (प्रश्न १०) तीच लागते.

८. शेवटी ग्रेन टाकायचं म्हणतात. नॉइज तर घालवायचं असतं ना?

ग्रेनचं काम डोळ्याला सांगणं की "हा पृष्ठभाग सपाट नाही". चोपडा भाग आणि पोतवाला भाग शेजारी असले की चोपडेपणा डोळ्यात येतो. दोघांवर एकच बारीक ग्रेन आलं की तो फरक विरघळतो. शिवाय ग्रेनमुळे वस्तू तयार होत नाही, म्हणून ही एकमेव "भर" आहे जी मी न घाबरता टाकतो.

साइज मात्र छपाईच्या हिशोबाने. २५७ पीपीआयला एक पिक्सेल म्हणजे कागदावर ०.१ मिमी. ऑफसेट छपाई ठिपक्यांच्या जाळीने होते, ती जाळी इंचाला १५० ओळींची असेल तर ठिपका ते ठिपका अंतर ०.१७ मिमी, म्हणजे एका पिक्सेलचं ग्रेन त्या जाळीत गडप होतं आणि तुम्ही म्हणता मी टाकलं होतं, गेलं कुठे. म्हणून ५० टक्के करड्या रंगाचा लेयर घ्या, ओव्हरले मोडमध्ये, त्यावर एकरंगी गॉशियन नॉइज टाका आणि त्याला ०.७ पिक्सेलच्या आसपास ब्लर करा, म्हणजे दाणा साधारण दोन पिक्सेलचा होतो. ब्लरने नॉइज फिकं पडतं, त्यामुळे आधी जरा जास्त टाकून लेयरच्या ओपॅसिटीने खाली आणणं सोपं. स्क्रीनवर १०० टक्क्याला "थोडं जास्त झालं" असं वाटेल एवढं ठेवा, छापल्यावर ते निम्मं दिसतं. रंगीत नॉइज नको, त्वचेवर आणि करड्या धुक्यात ते लाल-हिरवे ठिपके म्हणून येतं.

९. डिफ्यूजन अपस्केलर वापरला तर ढगात छोटं घर आलं, गवतात चेहरे आले. हे थांबवता येतं का?

बरंचसं. आधी हे का होतं बघा: चित्राचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला तोच प्रॉम्प्ट जातो. तुम्ही प्रॉम्प्टमध्ये "डोंगरावरचं घर" लिहिलंय आणि तुकड्यात नुसता ढग आहे, तर मॉडेल इमानदारीने त्या ढगात घर शोधतं आणि काढतं. म्हणून मोठं करताना मूळ प्रॉम्प्ट चिकटवू नका. वस्तूंची नावं काढून टाका, पोत आणि प्रकाश सांगणारे दोन-तीन शब्द ठेवा किंवा प्रॉम्प्ट रिकामाच सोडा.

दुसरं म्हणजे डीनॉइज स्ट्रेंग्थ, चित्र किती नव्याने काढायचं ते सांगणारा आकडा. ०.२ ते ०.३ मध्ये पोत सुधारतो आणि वस्तू जागेवर राहतात, ०.४ च्या पुढे नवीन पाहुणे यायला लागतात. टाइल कंट्रोलनेट लावलं तर थोडं वर जाता येतं कारण ते प्रत्येक तुकड्याला मूळ चित्राला बांधून ठेवतं. तुकड्यांचा ओव्हरलॅप कमी ठेवला तर आकाशात चौकोनी जोड दिसतात, आणि ते १०० टक्क्यावर नाही तर चित्र एकदम लहान करून कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर पटकन सापडतात.

माझी पद्धत: डिफ्यूजनची प्रत फक्त चौथा लेयर म्हणून, आणि मास्कमधून फक्त पुढच्या गवतात. पूर्ण चित्र कधीच नाही. एकदा पूर्ण चित्र चालवलं होतं तर बांधाच्या दगडांच्या फटींना त्याने खिडक्या समजून चौकटी काढून दिल्या, लांबून बांध म्हणजे बैठी चाळ दिसत होती, आणि हे माझ्या नाही, ज्याचं पोस्टर होतं त्याच्या लक्षात आलं.

१०. खोटं डिटेल आलंय हे ओळखायचं कसं? नजरेने तर सगळं छान दिसतं.

नजर याच कामात फसते, कारण गॅनला नजरेला फसवायलाच शिकवलंय. दोन तपासण्या करा.

पहिली: मोठी केलेली फाईल परत मूळ साइजला लहान करा आणि मूळ चित्रातून वजा करा. प्रामाणिक अपस्केल असेल तर फरक जवळपास काळा येतो.

```
magick final.png -filter Box -resize 1080x768 back.png
magick crop.png back.png -compose difference -composite -evaluate multiply 8 farak.png
```

आठपट उजळ केलंय, त्यामुळे कडांवर बारीक रेघा दिसणारच, त्यांना घाबरू नका. बघायचं ते डाग: एखाद्या भागात पसरलेला उजेड म्हणजे तिथे रंग सरकलाय, आणि एखादा आकार स्पष्ट दिसला तर तो आकार मूळ चित्रात नव्हता किंवा होता आणि गेला. खिडक्यांची ती चाळ या तपासणीत लख्ख दिसली असती.

पण हिच्यात एक भोक आहे. मूळच्या एका पिक्सेलच्या आत जे काही नवीन काढलं, ते लहान करताना सरासरीत विरून जातं, त्यामुळे बारीक थापा इथे सुटतात. त्यासाठी दुसरी तपासणी: नेट आणि गॅनच्या मोठ्या प्रती एकमेकींतून वजा करा. जिथे दोघांचं एकमत आहे तिथे चित्रात खरंच पुरावा होता. जिथे फरक उजळ आहे तिथे गॅन मनाने बोलतोय. एकच मॉडेल वापरत असाल तर मूळ चित्र आडवं उलटवून मोठं करा, परत सरळ करा आणि पहिल्या प्रतीतून वजा करा, अंदाज असलेल्या जागा त्यातही बदलतात.

मनाने बोलतोय म्हणजे लगेच पुसा असं नाही. गवताची पाती इकडची तिकडे झाली तर कोणाला काय फरक पडतो. पण उजळ भाग खिडकी, चेहरा, अक्षर, दोरी, कुंपण अशा ओळखता येणाऱ्या गोष्टीवर असेल तर तिथला मास्क खाली आणा.

११. आकाशात पट्टे पट्टे आले. अपस्केलरने बिघडवलं का?

त्याने बिघडवलं नाही, मोठं केलं. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. समजा मूळ आकाशात ५०० पिक्सेलच्या उंचीत रंग फक्त २० पायऱ्या बदलतो, म्हणजे एक पायरी २५ पिक्सेलची. चारपट केल्यावर १०० पिक्सेलची, आणि २५७ पीपीआयला ती कागदावर जवळपास एक सेंटिमीटरचा पट्टा होते. स्क्रीनवर झूम आउट करून कोणाला दिसत नाही, कागदावर दिसतो.

फाईल १६ बिटमध्ये बदला, आकाशाचा भाग निवडून त्यावर पट्ट्याच्या रुंदीएवढा मोठा ब्लर द्या (ढग असतील तर ते मास्कमधून वगळा), मग ग्रेन टाका आणि शेवटी ८ बिटला आणा. क्रम महत्त्वाचा आहे: ८ बिटमध्येच ब्लर केलं तर पट्टे परत तयार होतात.

१२. मागचा भाग मुद्दाम ब्लर आहे, दिव्यांचे गोळे आहेत. त्याला काय करायचं?

काही नाही, लँक्झोस. अपस्केलरला ब्लर हा आजार वाटतो, तो गोळ्यांना कडा काढून देतो आणि ते नाण्यांसारखे दिसायला लागतात. पानांच्या ब्लरमध्ये तर शिरा काढतो. ब्लर भागाला जास्त पिक्सेलची गरजच नसते.

१३. विटा, जाळी, कापडाची वीण अशा नियमित नक्षीचं काय?

ही खरी अवघड केस आहे. गवतात चूक लपते, जाळीत एक खण वाकडा झाला की नजर तिथेच जाते. आणि मूळ एआय चित्रातच विटांच्या ओळी मध्येच जुळत नसतात. गॅन त्या चुका पक्क्या करतो, डिफ्यूजन दर तुकड्यात वेगळी वीट बनवतो. नक्षीचा एक खण मूळ चित्रात सात-आठ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर मी अपस्केलच्या भानगडीत पडत नाही, तो पृष्ठभाग खऱ्या फोटोच्या टेक्स्चरने किंवा व्हेक्टर नक्षीने पर्स्पेक्टिव्ह जुळवून बदलतो आणि एआय चित्रातली फक्त सावली-उजेड त्यावर मल्टिप्लायने ठेवतो.

१४. चारपट दोनदा चालवून सोळापट होईल ना? मोठ्या बॅनरला लागेल.

होईल, पण दुसऱ्या फेरीत मॉडेल पहिल्या फेरीच्या थापांना खरं मानून त्यांवर थापा रचतं. पहिल्यात जरा वाकडं असलेलं पातं दुसऱ्यात दोरखंड होतो. आणि आधी प्रश्न २ चा हिशोब करा: तीन मीटरवरून बघायच्या बॅनरला २९ पीपीआय पुरतं. तीन मीटर रुंद बॅनरला ते साधारण ३४०० पिक्सेल होतात, म्हणजे आपली चारपट फाईल, ४३२० पिक्सेलची, आधीच त्याच्या पुढे आहे. लोक जवळ येऊन बघणार असतील तर वरची वाढ लँक्झोसने करा आणि ग्रेन त्या शेवटच्या साइजला नव्याने टाका, ताणलेलं जुनं ग्रेन खरूज असल्यासारखं दिसतं.

१५. पुढे खऱ्या कॅमेऱ्याचा फोटो बसवायचाय. बॅकग्राउंड वेगळं पडतं, चिकटवल्यासारखं.

बहुतेक वेळा बॅकग्राउंड जास्त शार्प केलेलं असतं. फोटोत लेन्समुळे मागचं थोडं मऊ असतंच, त्यामुळे इथे प्रश्न ७ मधली गॅनची टक्केवारी निम्मी करून बघा, काम कमी आणि निकाल चांगला. मग ग्रेन जुळवा: फोटोतला सपाट करडा भाग आणि बॅकग्राउंडमधला तसाच भाग २०० टक्क्यावर शेजारी ठेवा आणि बॅकग्राउंडचा दाणा फोटोच्या दाण्याएवढा होईपर्यंत ब्लर बदला. शेवटी दोघांवर मिळून एक अगदी हलकं ग्रेन.

१६. स्क्रीनवर बघून छपाईत कसं येईल ते सांगता येतं का?

फारसं नाही. १०० टक्क्यावर बघितलं तर सगळं प्रत्यक्षापेक्षा खूप मोठं आणि वाईट दिसतं, फिट करून बघितलं तर सगळंच छान दिसतं. मी फाईलमधून हाताच्या पंजाएवढे तीन तुकडे कापतो, एक पुढचं गवत, एक बांध, एक डोंगर-आकाशाची कड, ते छपाईच्या खऱ्या साइजला एका ए४ कागदावर मांडतो आणि शक्यतो त्याच प्रेसकडून, नाहीतर घरच्या प्रिंटरवर काढतो. घरच्या प्रिंटरचा रंग सोडून द्या, पोत मात्र बऱ्यापैकी कळतो. मग कागद भिंतीला चिकटवायचा आणि पोस्टर जिथून बघतात तिथून बघायचं. गवत ब्लँकेट दिसतंय तर ग्रेन वाढवा, काटेरी तारांसारखं दिसतंय तर गॅन कमी करा.